फीवाढ आणि अडवलेला दाखला : पुण्यातल्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

एप्रिल-मे आला की आमच्या पालक गटाकडे तेच ते प्रश्न येतात. कोथरूडहून येतात, वाकडहून येतात, हडपसरहून येतात. बहुतेकांची कहाणी एकाच वळणाने जाते. फी अचानक वाढते, पालक हरकत घेतात, वाढीव रक्कम भरत नाहीत आणि मूल दुसऱ्या शाळेत घालायची वेळ आली की जुनी शाळा म्हणते, ‘बाकी भरा, मग एलसी.’ ही पाने विनाअनुदानित खासगी शाळांतल्या पालकांसाठी आहेत. मी वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत इतके अर्ज लिहिले आणि इतक्या टपाल शाखांसमोर उभी राहिले, की कागद कुठे अडकतो ते आता पाठ झालं आहे.

1. एलसी, टीसी आणि शाळा सोडल्याचा दाखला हे वेगवेगळे कागद आहेत का?

व्यवहारात नाहीत. राज्य मंडळाच्या शाळा एलसी म्हणतात, सीबीएसईच्या शाळा टीसी म्हणतात, शिक्षण हक्क कायद्याच्या मराठी मसुद्यांत ‘स्थानांतरण प्रमाणपत्र’ असाही शब्द दिसतो. अर्जात ‘शाळा सोडल्याचा दाखला (एलसी / टीसी)’ असं लिहिलं की शब्दावरून टोलवाटोलवी होत नाही. बोनाफाईड मात्र वेगळा. मूल सध्या त्या शाळेत शिकतं आहे, एवढंच तो सांगतो.

2. फीवाढ आणि दाखला, दोन्हींची तक्रार एकाच अर्जात करू का?

करू नका. पालकांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

फीवाढीचा वाद महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 खाली चालतो. त्याला महिने लागतात, कधी वर्ष लागतं. दाखल्याचा प्रश्न बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 खाली येतो आणि तो काही दिवसांत सुटायला हवा, कारण जूनमध्ये नवी शाळा सुरू होते. दोन्ही एका कागदावर आले की अधिकारी ‘फीबाबतचा वाद प्रलंबित असल्याने’ असा शेरा मारतो आणि दाखलाही त्या वादाच्या मागे बांधला जातो. शाळेलाही तेच हवं असतं. म्हणून दोन अर्ज लिहा, दोघांच्या तारखा वेगळ्या आणि विषयही वेगळे ठेवा. दाखल्याच्या अर्जात फीचा उल्लेख एका वाक्यापुरता: ‘फीबाबतचं म्हणणं स्वतंत्र निवेदनात दिलं आहे.’

3. फीवाढ मनमानी आहे की नियमाने झाली, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

आधी तारीख पाहा. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव संस्थेने शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. शाळा जूनमध्ये सुरू होत असेल तर प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत समितीकडे गेलेला हवा. तुम्हाला एप्रिलमध्ये ॲपवर परिपत्रक आलं आणि त्याआधी समितीत काही झाल्याचं कुणालाच माहीत नसेल, तर प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग कार्यकारी समिती पाहा. दर वर्षी शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायचा असतो. शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक त्याचे सभासद असतात, वर्गणी भरली काय नि न भरली काय. त्यातून इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती होते. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक. समितीच्या सदस्यांची यादी सूचना फलकावर लागली पाहिजे. आमच्या अनुभवात दहातल्या बऱ्याच शाळांत चिठ्ठ्या कधी टाकल्याच जात नाहीत, मुख्याध्यापिका ओळखीच्या पालकांना फोन करून ‘तुमचं नाव घालते हं’ म्हणतात. ‘चिठ्ठ्या कोणत्या दिवशी टाकल्या?’ एवढाच लेखी प्रश्न विचारून पाहा, उत्तरावरून बरंच कळतं.

मागच्या वर्षी फी वाढली होती का, हेही बघा. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नसते. सलग दोन वर्षं वाढ झाली असेल तर दोन्ही वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवून त्याची फोटोप्रत काढा. इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

4. ‘15 टक्क्यांपर्यंत वाढ करायचा शाळेला हक्कच आहे’ असं ऑफिसमध्ये सांगतात. खरं का?

नाही. 15 टक्क्यांचा आकडा कायद्यात आहे, पण तो संस्थेने मागितलेली फी आणि कार्यकारी समितीने मान्य केलेली फी यांच्यातल्या फरकाबद्दल आहे. समितीपुढे प्रस्ताव न नेता दर वर्षी 15 टक्के चढवायची मुभा त्यातून मिळत नाही. मूळ प्रश्न तोच राहतो: समितीची सभा कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे?

दुसरा गोंधळ कोविडकाळातल्या 15 टक्के कपातीचा. ती 2021-22 या एकाच वर्षापुरती होती. आजच्या वादात ती आणू नका, तुमचाच अर्ज कच्चा दिसतो.

5. कार्यकारी समितीने 30 दिवसांत निर्णयच दिला नाही तर फी किती भरायची?

तेव्हा संस्थेने प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे पाठवायचं असतं. तिथला निर्णय होईपर्यंत मागच्या वर्षाची फी अधिक 10 टक्के, एवढीच रक्कम घेता येते. मागच्या वर्षी 64,000 रुपये असतील तर 70,400. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की हे 10 टक्के प्रकरण खरोखर समितीकडे गेलं असेल तरच. नुसतं ‘आम्ही पाठवलंय’ म्हणणं पुरत नाही. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मागा.

6. वाद चालू असताना फी भरणं पूर्ण बंद करावं का?

नको. एक पैसाही न भरणाऱ्या पालकाला शाळा सहज ‘थकबाकीदार’ ठरवते आणि अधिकाऱ्यासमोर तुमची बाजू लंगडी पडते. मागच्या वर्षीच्या दराने हप्ता वेळेवर भरा आणि वाढीव रकमेवर हरकत घ्या.

अडचण अशी की शाळेचं पोर्टल अर्धवट रक्कम स्वीकारत नाही. पूर्ण 40,000 टाका नाहीतर पान पुढे सरकत नाही. अशा वेळी शाळेच्या नावे अकाउंट पेयी चेक किंवा डिमांड ड्राफ्ट काढा आणि सोबत पत्र द्या. पत्रात दोनच वाक्यं पुरतात:

> सोबत मागील वर्षाच्या दराने प्रथम सत्राची फी रु. 32,000/- चा डिमांड ड्राफ्ट जोडला आहे. वाढीव रु. 8,000/- बाबत आमची हरकत असून, सक्षम समितीचा निर्णय होईल त्याप्रमाणे फरकाची रक्कम भरण्यास आम्ही बांधील आहोत.

शाळेने ड्राफ्ट परत केला तरी चालेल. परत केल्याचं लेखी मागा, न दिल्यास त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर ‘आज सकाळी ड्राफ्ट घेऊन आलो, कार्यालयाने स्वीकारला नाही’ असं पाठवा. तुम्ही द्यायला गेला होतात, हे पुढे तोच मेल सांगतो.

पावती कुणाच्या नावाची आहे तेही वाचा. काही शाळांत शिकवणी शुल्क संस्थेच्या नावावर आणि ‘ॲक्टिव्हिटी’ किंवा ‘डिजिटल’ शुल्क भलत्याच खासगी कंपनीच्या नावावर घेतात. मग वाढ कागदावर कमी दिसते. निवेदनात दोन्ही पावत्यांची बेरीज द्या.

7. फीवाढीविरुद्ध एकटा पालक काही करू शकतो का, की सगळ्यांची सही लागते?

दोन पातळ्या आहेत. शुल्क नियामक समितीकडे पालकांनी थेट जायचं असेल तर कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे किमान 25 टक्के पालक एकत्र लागतात. 1,200 मुलांच्या शाळेत म्हणजे 300 सह्या. हे अवघड आहे आणि माझ्या मते मुद्दाम अवघड केलेलं आहे. गेटवर सह्या गोळा करायला गेलात तर निम्मे पालक ‘आमचं मूल आत आहे हो’ म्हणून पुढे जातात. तरी जमतं. आमच्याकडे ज्यांना जमलं त्यांनी इयत्तावार पालक वाटून घेतले, घरोघर गेले आणि सहीसोबत मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी व पावती क्रमांक घेतला. नुसत्या सह्यांच्या यादीवर शाळा ‘हे आमचे पालकच नाहीत’ म्हणते.

एकट्याने करता येण्याजोगं काम म्हणजे कार्यपद्धतीची तक्रार. संघ स्थापन झाला नाही, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, यादी लावली नाही, प्रस्ताव सहा महिने आधी आला नाही. यासाठी 300 सह्या लागत नाहीत. असं निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांकडे एक पालकही देऊ शकतो.

8. निवेदन नेमकं कुणाच्या नावे लिहायचं?

पुणे जिल्ह्यात पहिली ते आठवीसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पुणे, आणि नववीपासून पुढे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). शाळा पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असेल तर त्या महापालिकेच्या शिक्षण विभागाला प्रत. त्यावरची पायरी शिक्षण उपसंचालक, पुणे विभाग. शुल्क नियामक समिती विभागीय पातळीवरच असते, अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात.

थेट शिक्षण आयुक्तांना लिहिण्याचा मोह पुणेकरांना फार होतो, कारण आयुक्तालय आपल्याच गावात, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. रिक्षाने जाऊन पत्र देता येतं. ते पत्र ‘योग्य कार्यवाहीस्तव’ शेरा घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडेच उतरतं आणि त्या प्रवासात पंधरा दिवस जातात. आयुक्तांना प्रत द्या, मूळ अर्ज खालीच.

9. निवेदनात काय लिहायचं? आमचं नऊ पानी झालंय.

नऊ पानं कुणी वाचत नाही. दीड पान ठेवा. पहिल्या परिच्छेदात शाळा, मुलाची इयत्ता आणि दोन वर्षांची फी. दुसऱ्यात कोणती पायरी चुकली. तिसऱ्यात मागणी. ‘शाळेची चौकशी करून कठोर कारवाई करावी’ ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण अधिकाऱ्याला तिच्यावर पत्र काढता येत नाही. त्याऐवजी असं लिहा:

> 1) चालू वर्षाच्या कार्यकारी समितीची यादी, चिठ्ठ्या काढल्याची तारीख व फीबाबतच्या सभेचे इतिवृत्त शाळेकडून मागवून आम्हास प्रत द्यावी.
> 2) समितीची मान्यता नसल्यास मागील वर्षाच्याच दराने फी घेण्याबाबत शाळेस लेखी कळवावे.
> 3) वाद प्रलंबित असेपर्यंत विद्यार्थ्यास वर्गात बसू देणे, परीक्षा व निकाल अडवू नये, असे शाळेस कळवावे.

तिन्हींवर एका पत्रात उत्तर देता येतं. ‘शिक्षणाचा बाजार’, ‘लूट’, ‘माफिया’ हे शब्द गाळा. राग खरा असतो, पण शाळेचे वकील नेमके तेच शब्द उचलून बदनामीची नोटीस पाठवतात.

निवेदनाला पोच घ्या. टपाल शाखेत दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. कारकून ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हणाला तर ठेवून जाऊ नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा.

10. बाकी आहे म्हणून शाळा दाखला अडवू शकते का?

पहिली ते आठवीतलं मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं, की मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. उशीर केला तर त्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायद्यात ‘फी भरल्यावर’ अशी अट नाही. शाळेला बाकी वसूल करायची असेल तर पैशाच्या वसुलीचा नेहमीचा कायदेशीर मार्ग तिला मोकळा आहे. मूल ओलीस ठेवणं हा त्यातला मार्ग नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हेच सांगितलं, की दाखला हे थकीत फी वसुलीचं साधन नाही आणि त्यावर बाकीचा शेराही लिहायचा नाही. तो निकाल तमिळनाडूतला, महाराष्ट्रातल्या शाळेवर थेट बंधनकारक नाही, पण निवेदनात उल्लेख करायला चांगला.

इतर परिस्थितीत काय होतं ते प्रश्न 14 आणि 15 मध्ये.

11. दाखला नसताना नवी शाळा प्रवेश देईल का?

सरकारी आणि अनुदानित शाळेला द्यावाच लागतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हेही त्याच कलम 5 मध्ये आहे. जन्मदाखला, मागच्या इयत्तेचं गुणपत्रक आणि आधार घेऊन जा. वय पाहून वर्ग मिळतो.

नव्या शाळेला एक काम जरूर सांगा. ‘सदर विद्यार्थ्यास आमच्या शाळेत प्रवेश दिला असून दाखला पाठवावा’ असं पत्र नव्या मुख्याध्यापकांनी जुन्या शाळेला लिहायचं. पालकाच्या दहा अर्जांपेक्षा या एका पत्राचं वजन जास्त असतं, कारण आता दोन मुख्याध्यापक समोरासमोर आलेले असतात.

12. एका प्रकरणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय झालं, ते सांगाल का?

सिंहगड रस्ता परिसरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं. शाळेचं आणि घराचं नाव देत नाही.

मुलगी पाचवीत. आदल्या वर्षीची फी 64,000, नव्या वर्षाची 80,000. वाढ 25 टक्के, परिपत्रक एप्रिलमध्ये. आईने जूनमध्ये शाळेकडे समितीची यादी मागितली, उत्तर आलं नाही. तिने दोन्ही सत्रांत 32,000 प्रमाणे एकूण 64,000 भरले, दोन्ही वेळा हरकतीचं पत्र जोडून. शाळेच्या हिशेबात 16,000 बाकी. फीबाबतचं निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांकडे ऑगस्टमध्ये गेलं होतं.

पाचवीचा निकाल लागल्यावर घरच्यांनी मुलीला अनुदानित शाळेत घालायचं ठरवलं. 2 मे रोजी आई दाखल्याचा अर्ज घेऊन गेली. खिडकीतली बाई म्हणाली, ‘मॅडम, सिस्टीममध्ये ड्यूज दिसतायत, क्लिअर झाल्याशिवाय प्रिंटच होत नाही.’ अर्जावर पोच द्यायलाही नकार. आईने तोच अर्ज त्याच दुपारी स्पीड पोस्टने पाठवला, संध्याकाळी ईमेलही केला. 10 मे रोजी स्मरणपत्र. दरम्यान अनुदानित शाळेत जन्मदाखला आणि पाचवीचं गुणपत्रक दाखवून प्रवेश झाला आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी दाखल्यासाठी पत्र पाठवलं.

13 मे रोजी शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन, फक्त दाखल्याचं. सव्वा पान. सोबत स्पीड पोस्टची नोंद, ईमेलची प्रत, नव्या शाळेचं पत्र. आठवड्याने आईने आवक क्रमांक घेऊन चौकशी केली तेव्हा फाइल संबंधित लिपिकाच्या टेबलावर होती आणि त्याला शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीतला शाळेचा ओळख क्रमांक, हवा होता. तो अर्जात नव्हता. जागेवर लिहून दिला. (तेव्हापासून आम्ही प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत यू-डायस क्रमांक घालतो. गुणपत्रकावर छापलेला असतो.) कार्यालयाने शाळेला पत्र काढलं, 29 मे रोजी शाळेचा फोन आला.

दाखला मिळाला, पण शेऱ्याच्या रकान्यात ‘फी बाकी रु. 16,000/-’ असं लिहिलेलं. आईने तो न स्वीकारता जागेवरच ‘शेरा काढून द्यावा’ असा अर्ज दिला. दोन दिवसांनी कोरा शेरा असलेला दाखला हाती आला. फीचा वाद तेव्हाही चालूच होता. शाळेने प्रकरण शुल्क नियामक समितीकडे नेलं असतं तरी आईकडून त्या टप्प्यावर जास्तीत जास्त 6,400 मागता आले असते, 16,000 नव्हे. नेल्याचं एकही पत्र शाळेला दाखवता आलं नाही.

13. दाखला हातात आला तरी नवी शाळा म्हणते, ‘ऑनलाइन नाव आमच्याकडे येत नाही.’ आता काय?

हा नवा अडथळा. कागदी दाखला दिला तरी जुनी शाळा यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर मुलाला सोडत नाही. तिथे जुन्या शाळेने विद्यार्थी शाळा सोडून गेल्याची नोंद केली की नाव पोर्टलवरच्या ‘ड्रॉपबॉक्स’ यादीत जातं आणि नवी शाळा मुलाच्या पेन या कायम ओळख क्रमांकावरून ते आपल्याकडे ओढून घेते. जुन्या शाळेने नोंदच केली नाही तर मूल दोन्हीकडे लटकतं. नव्या मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षण कार्यालयाकडे (महापालिका हद्दीत मनपा शिक्षण विभागाकडे) लेखी मागणी करा, सोबत दाखल्याची प्रत. यामुळे मुलाला वर्गात बसायला अडचण यायचं कारण नाही.

14. आम्ही एका खासगी विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जातोय. कलम 5 लागू आहे का?

इथे जपून. कलम 5 मधला स्थानांतरणाचा हक्क लिहिताना विनाअनुदानित शाळा आणि केंद्रीय विद्यालय, नवोदय यांसारख्या विशेष प्रवर्गातल्या शाळा वगळलेल्या आहेत. त्यामुळे नवी विनाअनुदानित शाळा ‘दाखल्याशिवाय प्रवेश नाही’ म्हणाली तर तिला कलम 5 दाखवून फार उपयोग होत नाही. जुन्या शाळेचे वकीलही हीच फट दाखवतात. तरी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाखल्याचं निवेदन द्याच. मान्यता देणारं कार्यालय तेच असल्याने त्यांच्या पत्राला शाळा सहसा उत्तर देते. आणि नव्या शाळेकडून ‘दाखला अमुक तारखेपर्यंत सादर करू’ या हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मागा, अनेक शाळा देतात.

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांचं प्रकरण आणखी वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने त्यांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवलं आहे. शाळेला हा दर्जा आहे का, ते अर्ज लिहिण्याआधी तपासा. नाहीतर पहिल्याच उत्तरात अर्ज पडतो.

15. मुलगा नववीत आहे. त्याला हे संरक्षण आहे का?

शिक्षण हक्क कायद्याचं नाही, ते आठवीपर्यंत आणि 6 ते 14 वयापर्यंतच. पण कोविडकाळात खासगी शाळा सोडणाऱ्या मुलांचे दाखले अडवले गेले तेव्हा शालेय शिक्षण विभागाने जून 2021 मध्ये शासन निर्णय काढून नववी-दहावीच्या मुलांनाही दाखल्याअभावी सरकारी व अनुदानित शाळांत प्रवेश नाकारू नये असं सांगितलं. त्याची प्रत सोबत ठेवा. दहावीत मात्र मंडळाच्या नोंदणीच्या तारखा असतात, म्हणून शाळा बदलायचीच असेल तर नववीच्या निकालानंतर लगेच. ऑक्टोबरमध्ये आलेल्या दहावीच्या पालकांना आम्ही बहुतेक वेळा आहे त्या शाळेतच वर्ष काढायला सांगतो.

16. दबाव म्हणून आधी दाखल्याचा अर्ज करून ठेवला तर?

अजिबात नको. दाखला निघाला की जनरल रजिस्टरमधून नाव कमी होतं आणि त्याच शाळेत परत बसायला नव्याने प्रवेश घ्यावा लागतो, नव्या फीने. चिडून ‘द्या आमचा दाखला’ म्हणणाऱ्या एका बाबांना शाळेने दुसऱ्या दिवशी खरोखर दाखला दिला. घरी कुणालाच विचारलेलं नव्हतं. आधी नव्या शाळेचा होकार, मग अर्ज.

17. फी बाकी म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं केलं, ग्रुपवर नाव टाकलं. काय करू?

दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 खाली मानसिक त्रासात मोडतात, आणि कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ही तिसरी, स्वतंत्र तक्रार. त्याच दिवशी मुलाकडून हळूच विचारून घ्या: कोणता तास, कोण शिक्षक, किती वेळ, अजून कोण उभं होतं. ग्रुपच्या मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांना आणि प्रत महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला. मुलाला मात्र कुठल्याही कार्यालयात नेऊ नका.

18. शाळा समितीचे कागद दाखवत नाही. माहिती अधिकारात मिळतील का?

विनाअनुदानित शाळा थेट अर्ज बहुधा फेटाळते. म्हणून अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा, कारण समितीची यादी तिथे जायला हवी. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर हिरमुसू नका. यादी कार्यालयाकडे आलीच नाही, हे सरकारी शिक्क्यासह तुमच्या हातात आलं. ते पत्र फीच्या निवेदनाला जोडा.

19. प्रवेशाच्या वेळी ‘वेळोवेळी होणारी फीवाढ मान्य’ अशा फॉर्मवर सही केली होती. आता हरकत घेता येते का?

येते. कायद्याने ठरवलेली पायरी खासगी संमतीपत्राने पुसली जात नाही. वाढ मान्य म्हणजे नियमाने झालेली वाढ मान्य, इतकाच त्याचा अर्थ. मात्र दाखला देताना पुढे केलेल्या नव्या कागदांवर डोळे मिटून सही करू नका. ‘रु. 16,000 थकबाकी मान्य असून तीन महिन्यांत भरीन’ असं लिहिलेलं असतं आणि उद्या वसुलीच्या दाव्यात तोच कागद तुमच्यासमोर येतो. सही करायचीच वेळ आली तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात ‘रक्कम अमान्य, हरकत राखून’ लिहा आणि फोटो काढा.

20. ग्राहक आयोगात किंवा उच्च न्यायालयात जावं का?

ग्राहक आयोगाची वाट आम्ही सुचवत नाही. शिक्षण ही ‘सेवा’ आहे का यावरच तिथे वाद होतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पुणे जिल्ह्याची प्रकरणं मुंबईलाच जातात, कोल्हापूरच्या खंडपीठाकडे नाही. तिथे न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतात की सक्षम अधिकाऱ्याकडे गेला होतात का. तेव्हा प्रश्न 9 मधली पोच आणि आवक क्रमांक उपयोगी येतात. वकिलाची फी बाकीच्या रकमेपेक्षा जास्त होईल, म्हणून एकेकट्याने नको, दहा-वीस पालक मिळून.

21. परराज्यात बदली झाली आहे. दाखल्यावर आणखी कुणाची सही लागते का?

महाराष्ट्राबाहेर जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, बाहेरच्या शाळा मागतात. दाखला हातात घेतानाच मुलाचं व आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी व अंकी, जात आणि आधार क्रमांक वाचून पाहा. प्रतिस्वाक्षरी झाल्यावर वेलांटीची चूक सापडली तर पुन्हा दोन्ही कार्यालयं करावी लागतात.